बाराच्या घरावर बोट

मोठ्या बाईंच्या खोलीतल्या भिंतीवर तो तक्ता सहा आठवडे चिकटवलेला होता. खाली आठवडे, उभ्या बाजूला गुण आणि तिसरीच्या वर्गातल्या छत्तीस मुलांच्या छत्तीस रेघा. रंगीत पेन्सिली कमी पडल्या म्हणून काही रेघा तुटक होत्या, काही ठिपक्यांच्या. बहुतेक रेघा रडतखडत का होईना, वर चढल्या होत्या. एक रेघ मात्र तळाशी आडवी पडून राहिली होती, दुपारच्या जेवणानंतर आडवं व्हावं तशी.

"ही कोण?" मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं. विचारायची गरज नव्हती. त्यांना ठाऊक होतं.

"मुंगी," मास्तर म्हणाले.

मुंगी हे तिचं हजेरीतलं नाव नव्हतं. अंगाने एवढीशी, रांगेत कधी इकडची तिकडे न होणारी, सांगितलं तेवढं मुकाट्याने करणारी, म्हणून पहिलीपासून तिला सगळे मुंगी म्हणायचे. आता तर मास्तरांना तिचं खरं नाव आठवायलाही क्षणभर लागायचा.

"दोन, दोन, तीन, दोन, दोन, दोन," मोठ्या बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. "दहापैकी. सहा आठवडे रोज चाळीस मिनिटं वेगळं शिकवून. मास्तर, बाकीच्यांचं मी कौतुकच करते. पण हिचं काय करायचं?"

दुसरीच्या बाई खिडकीपाशी वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांची जीभ पहिल्यापासून तिखट, पण मनात काही नसायचं. "माझ्याकडे द्या," त्या मान वर न करता म्हणाल्या. "धाकटी बहीण आहेच माझ्या वर्गात. दोघी एका बाकावर बसतील. धाकटी शिकवेल थोरलीला."

"चेष्टा करू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण पर्याय तोच दिसतोय. अजून अर्धं वर्ष आहे. दुसरीत बसली तर पाया तरी पक्का होईल. सोमवारी तिच्या आईला बोलावलंय. मास्तर, शिफारशीचा कागद तुम्ही भरा. पायाभूत चाचणीची उत्तरपत्रिका आणि दर शुक्रवारच्या सहाही चिठ्ठ्या त्याला जोडा."

मास्तरांनी कागद घेतला. खालच्या ओळीवर 'वर्गशिक्षकाची सही' असं छापलेलं होतं. त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या सही केली. वरचं घरी भरू म्हणाले.

खरं सांगायचं तर मास्तर त्या तक्त्याकडे बघायचं टाळत, आणि ते काही मुंगीमुळे नव्हे. ती सगळी योजना कशी उभी राहिली ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गाची पायाभूत चाचणी घ्यायची होती. वीस प्रश्न. पहिले चार संख्या वाचण्या-लिहिण्याचे, पुढचे चार लहानमोठेपणाचे आणि दशक-एककाचे, मग पाच बेरजा, पाच वजाबाक्या, शेवटी दोन शाब्दिक उदाहरणं. चाचणीसोबत आलेल्या सूचनांत ठळक अक्षरात लिहिलं होतं: गुणांची बेरीज पाहून गट करू नका. कोणत्या मुलाचं नेमकं काय अडलं आहे ते प्रत्येक उत्तरावरून पाहा, आणि ज्यांचं एकच अडलं आहे त्यांना एकत्र बसवा. साधी गोष्ट होती. दोन मुलांना दहा-दहा गुण पडले, म्हणून त्यांचं दुखणं एक होत नाही. एकाला दशक कळत नसेल, दुसऱ्याला हातचा. दोघांना एकच औषध पाजून कसं चालेल?

आणि ही गोष्ट शाळेत कुणाला ठाऊक होती, तर ती मास्तरांना. निदान सगळ्यांची समजूत तशी होती. "मास्तरांना चूक दाखवा, ते रोग सांगतात," असं मोठ्या बाई बाहेरच्या लोकांना सांगायच्या. म्हणून तर शाळेची योजना त्यांच्या गळ्यात पडली.

चूक ओळखणारी ती नजर मास्तरांची नव्हती. त्यांच्या बायकोची होती.

ती शिवणकाम करायची. शाळेची पायरी फार चढलेली नव्हती. पण मास्तर संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरपत्रिका पसरून बसले की समोर ती कुणाच्या तरी झग्याची किनार घालत बसायची, आणि मधेच सुई दातात धरून एखादा कागद ओढून घ्यायची. "अहो, तुम्ही गुण बघता, मी उत्तर बघते," म्हणायची. "या पोरानं बघा, बावन्नातून सतरा वजा केले. दोनातून सात जात नाहीत, तर यानं सातातून दोन काढले आणि पुढे गेला. कापड उलटं धरून शिवलंय बिचाऱ्यानं. शिलाई सरळच आहे." दुसऱ्या दिवशी मास्तर ते वाक्य शिक्षकांच्या खोलीत सांगायचे. कापडाचा भाग सोडून. तिचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. घ्यावं असं वाटलंही नाही. घरचं माणूस, घरची मदत. चहा केला म्हणून कोण नाव घेतं?

ती गेली शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले तेव्हा. आजार लांबलेला होता, पण शेवट मात्र अचानक आला. नवव्या दिवशी मास्तर वर्गात उभे होते. सगळे म्हणाले, कामात असलात की बरं वाटेल. मास्तरही तेच म्हणाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी चाचणी झाली आणि छत्तीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पिशवीत घालून ते घरी आले. टेबलाजवळ गेले. तिची खुर्ची जशीच्या तशी होती, पाठीवर टेप लटकलेली. ते मागे फिरले. गठ्ठा पलंगावर टाकून, उशीला टेकून, त्यांनी फक्त बरोबर-चूक केली, बेरीज मांडली आणि बेरजेवरून रेघा मारल्या. शून्य ते आठ पहिला गट. नऊ ते चौदा दुसरा. त्यापुढचे तिसरा. तासाभरात काम संपलं. पहिल्या गटाला संख्याओळख आणि काड्यांचे गठ्ठे, दुसऱ्याला बेरीज-वजाबाकी, तिसऱ्याला शाब्दिक उदाहरणं. दर शुक्रवारी सगळ्यांना दहा गणितांची एकच चिठ्ठी, म्हणजे एकाच तक्त्यावर सगळे दिसतील. दोन संख्या लिहायच्या, चार बेरजा, चार वजाबाक्या. दर दोन आठवड्यांनी गट पुन्हा तपासायचे असंही सूचनांत होतं. ते त्यांनी केलं नाही. मोठ्या बाईंनी योजना बघून मान डोलावली. "तुमच्या हातचं म्हणजे बघायलाच नको," म्हणाल्या. आणि बघितलंच नाही.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. दुपारी मास्तर घरी आले, हातपाय धुतले आणि शिफारशीचा कागद भरायला बसले. पलंगावर लिहिता येईना. कागदाला भोक पडत होतं. शेवटी टेबलापाशी गेले, आपल्या बाजूला बसले, समोरच्या खुर्चीकडे न बघता.

मुंगीची उत्तरपत्रिका वर काढली. आठ गुण. मास्तरांचीच लाल पेन्सिल, मास्तरांच्याच खुणा. पहिल्या आठ प्रश्नांवर आठ बरोबरच्या खुणा, ओळीने. मग बारा फुल्या, त्याही ओळीने. मध्ये एकही इकडची तिकडे नाही. त्यांनी कागद जरा लांब धरला. संख्या वाचता येतात, लिहिता येतात. दशक-एकक येतं. तीनशे सहा हातभर शून्यं न घालता लिहिलंय. मग ही पोर सहा आठवडे पहिल्या गटात करत काय होती? तिला जे येत होतं तेच आपण तिला रोज चाळीस मिनिटं शिकवत होतो.

त्यांनी चिठ्ठ्या पसरल्या. आणि किती वर्षांत पहिल्यांदा, गुण सोडून, उत्तरं वाचली.

आठ अधिक सहा, तेरा. सात अधिक पाच, अकरा. बारा वजा पाच, आठ. नऊ वजा चार, सहा. पंधरा वजा सहा, दहा.

पुढची चिठ्ठी. तिथेही तेच. बेरीज असेल तर एकाने कमी. वजाबाकी असेल तर एकाने जास्त. सहा आठवडे, दर शुक्रवारी आठ गणितं, आणि सगळी एकाच एकाने हुकलेली. तिसऱ्या आठवड्यात एक बरोबर होतं, पाच अधिक पाच. ते तिला पाठ असणार.

मुंगीला गणित येत नव्हतं असं कोण म्हणेल? ती घड्याळासारखी नियमाने चुकत होती. मास्तरांच्या डोळ्यांसमोर बायकोची टेप आली. तिच्या जुन्या टेपचं टोक झिजलं होतं, म्हणून ती माप एक इंचाच्या खुणेपासून धरायची, आणि एकदा कापड बेतताना तो इंच वाढवायला विसरली तर कुणाचा तरी सदरा सगळीकडून एक इंच तोकडा झाला होता. "कापड बिघडलं नाही हो," ती म्हणाली होती. "सुरुवात चुकली."

सुरुवात चुकली. मुलगी मोजायला सुरुवात चुकीच्या जागेपासून करत होती. एवढं मास्तरांना कळलं. का करत होती ते कळलं नाही. कागदावरची सही झालेली होती, वरचा भाग कोरा. त्यांनी तो तसाच घडी घालून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी ते मुंगीच्या आईच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक लांब टेबल, त्यावर जळलेल्या डागांची चादर आणि भिंतीला टेकून कपड्यांची गाठोडी. आई इस्त्री करत होती. मुंगी इस्त्री झालेले सदरे घडी करून चळत लावत होती. मास्तरांना बघून तिने चळतीमागे तोंड लपवलं.

"या सर, बसा," आई म्हणाली. तिने एक गाठोडं खाली सरकवून स्टूल मोकळं केलं. इस्त्री बाजूला उभी केली, पण हात तिच्या मुठीवरून काढला नाही. "सोमवारी यायचंय ते ठाऊक आहे मला. कशासाठी तेही कळलं. हिची धाकटी ऐकून आली."

"मी जरा मुंगीशी बोलायला आलोय."

"बोला की. तिला खाली घालायची तर घाला सर, मी काही भांडायला येणार नाही. माझंच डोकं घेतलंय तिनं. मलाही आकडे दिसले की घाम फुटायचा." आईने सदऱ्यावर पाणी शिंपडलं. "घरी विचारते मला, आई, ढ म्हणजे कायमचं असतं का? काय सांगू? म्हटलं, अगं, माझं बघ, चाललंय ना सगळं."

 मास्तरांनी खिशातून एक पाठकोरा कागद काढला, त्यावर वीस घरं आखली, एक ते वीस आकडे लिहिले. वर्गात प्रत्येक बाकावर अशी पट्टी चिकटवलेली होती. चिठ्ठी सोडवताना ती वापरायची मुभा असायची.

"मुंगी, इकडे ये. बारा वजा पाच करून दाखव. मोठ्यांदा मोज."

ती आली. बोट झग्याला पुसलं. बाराच्या घरावर टेकवलं आणि म्हणाली, "एक." अकरावर, "दोन." दहावर, "तीन." नऊवर, "चार." आठवर, "पाच." मग वर बघितलं. "आठ."

"पण तू बारावरच बोट ठेवून 'एक' म्हणालीस. अजून तू कुठे मागे गेलीच नव्हतीस."

मुंगीने बोट पुन्हा बारावर नेलं.

"एक उडी मारली की एक म्हणायचं. बारावर आपण नुसते उभे आहोत. कळलं का?"

मुंगीने आईकडे पाहिलं, मग कागदाकडे. "पण सर, तुम्हीच सांगितलं होतं."

"काय?"

"ज्या घरात उभे आहोत ते पहिलं मोजायचं. ते सोडायचं नाही. तुम्ही फळ्यावर पट्टी काढली होती आणि बाराला दोनदा गोल केला होता. आम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं तुमच्यामागे."

"कधी?"

"तुम्ही परत आलात ना, तेव्हा. पहिल्याच दिवशी. मग रोजच."

मास्तरांना आठवलं नाही. त्या तीन आठवड्यांतलं काही म्हणजे काही त्यांना आठवत नव्हतं. सकाळी चप्पल घातलेली आठवत होती, संध्याकाळी कुलूप काढलेलं आठवत होतं. मधे वर्गात काय बोललो, ते दुसऱ्याच कुणी बोलल्यासारखं पुसून गेलं होतं. पण पोर खोटं बोलत नव्हती. तो शब्दच त्यांचा होता. तेव्हा त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतंच. ज्या घरात आहोत ते सोडायचं नाही.

"बाकीची मुलं तर अशी मोजत नाहीत," ते कसंबसं म्हणाले.

"ती पट्टी घेतच नाहीत. सगळी आपली बोटांवर मोजतात. तुम्ही बघत नसलात की." मुंगी आता जरा धीट झाली. "काड्यांनी केलं की मला सात येतं. पट्टीवर आठ येतं. मला वाटलं काड्यांत माझी एखादी पडत असेल. तुम्ही सांगितलेलं चुकीचं कसं असेल?"

"मग मला विचारायचं नाहीस?"

"विचारणार होते. पण तुम्ही खिडकीकडे बघत होतात."

आईची इस्त्री पुन्हा फिरायला लागली होती. तिला यातलं फारसं उमगलं नव्हतं. मास्तर उठले. तोंडाशी आलेलं वाक्य साधं होतं, चार शब्दांचं. ते म्हणाले, "उद्या बघू आपण."

"थोडा चहा तरी?"

"नको. आहे जरा काम."

घरी येऊन त्यांनी छत्तीसच्या छत्तीस उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या. ही शोधाशोध आता दोन महिने उशिरा होत होती, पण केल्याशिवाय बसवेना. एकाने हुकलेली उत्तरं सात जणांची होती. त्यातले चार दुसऱ्या गटात होते. तिथे बेरीज-वजाबाकी नव्याने शिकवली गेली तेव्हा त्यांची खोड आपोआप सुटली होती. आणखी दोघांची उत्तरं तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीपासून सुधारत गेली होती. त्यांनी पट्टी सोडून दिली असणार. उरली ती मुंगी. ज्यांनी मास्तरांचं ऐकलं नाही ते वर चढले. जिने शेवटपर्यंत ऐकलं ती तळाशी राहिली.

दुसऱ्याही चुका निघाल्या. लांबू नावाचा एक मुलगा दुसऱ्या गटात होता, अकरा गुण. त्याला बेरजा तोंडपाठ होत्या, पण दशकाचा पत्ता नव्हता. तो सहा आठवडे हातच्याची गणितं नुसती उतरवून काढत होता, आणि त्याची रेघ चांगली वर गेलेली होती. ती रेघ आता मास्तरांना बघवेना.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत मुंगीची आई टेबलाच्या कडेला अवघडून बसली होती. दुसरीच्या बाई आपल्या वर्गात मूल घ्यायचं म्हणून हजर होत्या. मुंगी बाहेर व्हरांड्यात.

वाटेत मास्तरांनी सगळं ठरवलं होतं. खोटं बोलायचं नव्हतं. फक्त थोडं कमी बोलायचं होतं. ते तसंच बोलले. मुंगीला संख्या पूर्ण येतात. तिची अडचण फक्त मोजण्याच्या सुरुवातीची आहे, प्रत्येक उत्तर एकाने हुकतं, हे बघा. दोन आठवडे द्या, तिला खाली बसवायची गरज नाही. त्यांनी चिठ्ठ्या पुढे सरकवल्या.

मोठ्या बाईंनी एकेक चिठ्ठी बघितली. चष्मा खाली आला. "अरे," त्या म्हणाल्या, "हे तर स्पष्ट आहे. अहो, हे कुणाच्या लक्षात आलं असतं? मी म्हणत नव्हते का, मास्तरांची नजर म्हणजे नजर आहे? हे आपण बाकीच्या शाळांना दाखवलं पाहिजे. पुढच्या महिन्यात सगळ्यांची बैठक आहे, तिथे तुम्ही हेच मांडा."

"मानलं बुवा," दुसरीच्या बाई म्हणाल्या. "मी आपली बाक शोधत होते."

मुंगीच्या आईला सगळं कळायला क्षण लागला. मग तिने हात जोडले. जळक्या डागांचे, फुगलेल्या बोटांचे हात. "सर, तुमच्यामुळे," म्हणाली.

मास्तरांना वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमिनीला काय पडलंय. ते त्या हातांकडे बघत राहिले. गप्प बसणं सोपं होतं. आयुष्यभर ते जमलं होतं. दुसऱ्याच्या नजरेवर शाबासकी घ्यायची, आणि दोन शब्द कमी बोलायचे.

"हात खाली घ्या, ताई," ते म्हणाले. "ती चूक मीच शिकवली."

मोठ्या बाईंनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"मी परत आलो त्या आठवड्यात. पट्टीवर चुकीचं मोजायला शिकवलं सगळ्या वर्गाला. मला आठवत नाही, पण शिकवलं. आणि हे गट, मोठ्या बाई, मी नुसत्या गुणांवर पाडले. उत्तरं बघितलीच नाहीत. बघितली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, तिचं काय अडलंय आणि ते कुणामुळे. दोन आठवड्यांनी तपासायचे होते तेही केलं नाही. लांबूचाही गट चुकलाय, आणखी चौघांचे चुकलेत. आणि ती नजर माझी नाही. घरी माझी बायको बघायची. मी फक्त येऊन इथे सांगायचो."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. दुसरीच्या बाईंनी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

"मास्तर, तुमच्यावर प्रसंगच तसा होता," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणीही समजून घेईल."

"हो," मास्तर म्हणाले. ते त्यांना नको होतं.

मुंगीच्या आईने हात खाली घेतले होते. पदराशी चाळा करत तिने चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे सर, काल तुम्ही माझ्या दुकानात आलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही 'उद्या बघू' म्हणून गेलात."

"हो."

"रात्रभर रडली ती. खाली घालणार म्हणून." आईचा आवाज चढला नव्हता. "तुमचं दुःख मला कळतं. माझाही नवरा असाच गेला. पण मी कुणाचा सदरा जाळला ना, तर त्या दिवशीच सांगते. गिऱ्हाईक शिव्या देतं. ऐकून घेते."

मास्तरांनी मान हलवली.

"तिला काड्यावाली म्हणतात वर्गात. ढ तर सगळेच म्हणतात. मला सांगितलंत ते ठीक. पण मला सांगून काय उपयोग? मी थोडीच बसते तुमच्या वर्गात?"

ती उठली आणि गेली. व्हरांड्यातून जाताना तिने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला, काही बोलली नाही. आता बोलायचं तिने नव्हतं, मास्तरांनी होतं.

मोठ्या बाईंनी शिफारशीचा कागद पुढे सरकवला. "हा फाडून टाका. आणि नवे गट आठवडाभरात द्या. कारण लेखी लिहा." मग जरा थांबून, "बैठकीचं राहू द्या."

"राहायला नको," मास्तर म्हणाले. "हेच मांडतो. जसं झालं तसं."

मोठ्या बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

वर्गात गेल्यावर मास्तरांनी फळ्यावर पट्टी काढली. वीस घरं. घरं लहानमोठी झाली. छत्तीस तोंडं त्यांच्याकडे बघत होती. मोठ्या माणसांच्या खोलीत बोलणं अवघड गेलं होतं. हे त्याहून अवघड निघालं. मुलांना समजून घेणं माहीत नसतं.

"शाळा सुरू झाल्यावर मी तुम्हाला पट्टीवर मोजायला शिकवलं," ते म्हणाले. "ते चुकीचं होतं. मी चुकलो. ज्या घरात उभे आहोत ते मोजायचं नाही. पहिली उडी मारल्यावर एक."

 मग मागून लांबू म्हणाला, "म्हणजे सर, मी तेव्हा सात म्हणालो होतो ते बरोबर होतं? तुम्ही मला खाली बसवलं होतं."

"बरोबर होतं. मी उगाच खाली बसवलं."

"मी पण सात म्हणालो होतो," दुसरा म्हणाला. तो म्हणाला नव्हता, पण मास्तरांनी काही टोकलं नाही.

"आणि मुंगीचं गणित चुकत नव्हतं," मास्तर पुढे बोलले.  "ती मी सांगितलेलं तंतोतंत करत होती. इतकं तंतोतंत तुमच्यात कुणीच केलं नाही. तिला सहा आठवडे जे दोन-दोन गुण पडले, ते माझे गुण होते. तिला कुणी काही म्हणायचं असेल तर मला म्हणा."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांना दहापैकी दोन, ही गोष्ट कुणालाही हसू येण्यासारखीच होती. मग सगळा वर्ग हसला, आणि मास्तर फळ्याला पाठ लावून ते ऐकत उभे राहिले. मुंगी हसली नाही. ती बाकावरच्या पट्टीकडे बघत होती.

त्या आठवड्यात गट नव्याने पडले, या वेळी प्रत्येक उत्तर वाचून. दशक न कळणारे एकीकडे, हातच्याला अडणारे दुसरीकडे, शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही असे तिसरीकडे. काही मुलं पहिल्या गटातून सरळ शेवटच्या गटात गेली आणि लांबू खाली आला. त्याने तोंड वाकडं केलं, पण काड्यांचे गठ्ठे बांधताना दोन दिवसांत त्याला दशक म्हणजे काय ते लख्ख उमगलं. नवा तक्ता लागला. त्यात मास्तरांनी गुणांऐवजी प्रत्येकासमोर काय अडतं ते लिहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, असा तक्ता वाचायला वेळ लागतो. मास्तर म्हणाले, लागतो.

शुक्रवारी चिठ्ठीत मुंगीला सहा पडले. चार चुकली ती पुन्हा एकाच एकाने. लागलेली खोड शब्दाने सुटत नाही. पुढच्या शुक्रवारी आठ. त्यानंतर नऊ. तिने चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, घरी दाखवायला. मास्तरांकडे बघून हसली नाही. हसायलाच पाहिजे असं काही नव्हतं.

एक दिवस फळ्यावर सोळा वजा नऊ लिहिलेलं होतं. मास्तरांनी मोजून दाखवलं, सात म्हणाले, आणि उत्तर लिहायला खडू उचलला. मुंगीने हात वर केला.

"काय गं?"

"थांबा सर. मी एकदा माझं मोजून बघते."

सगळ्या वर्गाने माना वळवल्या. पूर्वी ती असं कधी म्हणाली नव्हती. मास्तरांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"बघ," ते म्हणाले, आणि ती मोजून होईपर्यंत फळ्यापाशी थांबून राहिले.